नावाच्या रकान्यात गाव

काही निरोप वाचून बाजूला ठेवले तरी दिवसभर सोबत राहतात. हा निरोप तीन-चार ओळींचाच होता. एका वयस्कर बाईंना रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत, कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर हे त्यांना त्यांच्या भाषेत समजावून द्यायचं आहे, स्पॅनिश त्यांना जेमतेम येतं. भाषेच्या रकान्यात ‘मायन’ एवढंच होतं. खाली शेऱ्यात पाठवणाऱ्या परिचारिकेनं लिहिलं होतं, ‘भाषेचं नक्की नाव मला ठाऊक नाही, मुलालाही सांगता येत नाही. बाई ग्वातेमालाच्या डोंगरातल्या, वेवेतेनांगोकडच्या आहेत. तिकडचे लोक बोलतात त्या भाषेत उत्तर मिळालं तर बरं होईल.’ आरोग्याच्या सूचना वेगवेगळ्या भाषांत करून देणारा आमचा स्वयंसेवकांचा एक गट आहे. आलेली विनंती कोणत्या भाषेच्या माणसाकडे पाठवायची हे ठरवण्याचं काम त्यात माझ्याकडे असतं. रकान्यात भाषेचं नाव असलं की हे काम अर्ध्या मिनिटाचं. इथे नाव नव्हतं, आणि जे होतं ते नाव नसण्यापेक्षा अडचणीचं होतं.

‘मायन’ नावाची एक भाषा नाही. ते एका मोठ्या कुळाचं नाव आहे. ग्वातेमालानं 2003 साली राष्ट्रीय भाषांचा कायदा केला, तेव्हापासून तिथे 22 माया भाषांना अधिकृत मान्यता आहे. शिवाय शिंका आणि गारिफुना या वेगळ्या कुळांतल्या भाषा आहेतच. एका माया भाषेतली सूचना दुसऱ्या माया भाषेच्या माणसाला वाचून दाखवणं हे मराठी माणसाला बंगाली ऐकवून ‘तुमच्याच कुळातली आहे’ म्हणण्यासारखं आहे. एखादा शब्द ओळखीचा लागेल, पण गोळी जेवणाआधी की नंतर हे त्यातून कळणार नाही. आणि निरोपातला ‘वेवेतेनांगो’ हा शब्दही वाटतो तेवढा उपयोगाचा नव्हता. वेवेतेनांगो हा आपल्या जिल्ह्यासारखा भाग. कुचुमातानेस नावाची उंच डोंगररांग त्यातून जाते, तिची शिखरं 3,800 मीटरपर्यंत चढतात, आणि तिच्या दऱ्याखोऱ्यांत भाषा अशा दाटीवाटीनं राहतात की एका जिल्ह्यात माम, कानहोबाल, चूह, पोप्ती, अकातेको, आवाकातेको, चाल्चितेको अशी यादी वाढतच जाते. ‘वेवेतेनांगोची भाषा कोणती’ या प्रश्नाला एक उत्तरच नाही.

तरीही त्या निरोपातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं. ‘तिकडचे लोक बोलतात ती भाषा.’ परिचारिकेनं प्रामाणिकपणे सांगितलं होतं की नाव माहीत नाही, आणि अंदाजानं कुठलंही नाव ठोकून देण्याऐवजी माणसं आणि मुलूख यांच्यावरून वर्णन केलं होतं. अर्जात भाषांची यादी उघडते, त्यातून एक निवडल्याशिवाय पुढचं पान येत नाही, समोर रांग असते. अशा वेळी हात आपोआप ‘स्पॅनिश’वर जातो, कारण देश ग्वातेमाला. एकदा ते नाव नोंदीत शिरलं की पुढचा प्रत्येक जण तेच खरं धरून चालतो. नोंदीत स्पॅनिश आहे, दुभाषी स्पॅनिशचा आला, बाईंनी मान डोलावली, काम झालं. बाईंना काय कळलं हे विचारायचं कारणच उरत नाही. नाव रिकामं असतं तेव्हा निदान कोणाला तरी थांबून विचारावं लागतं.

बाईंना आपल्याच भाषेचं नाव सांगता येऊ नये याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. मला त्यात नवल वाटत नाही. घरात, शेतात, विहिरीवर सगळे एकच बोलतात तेव्हा त्या बोलण्याला नाव लागत नाही. ते फक्त ‘बोलणं’ असतं. नावाची गरज लागते ती बाहेरच्याला, आणि बाहेरच्यानं दिलेलं नाव बहुतेक वेळा उपरं असतं. ग्वातेमालात तर शाळा आणि कचेऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या भाषांना ‘दियालेक्तो’, म्हणजे बोली, असंच म्हटलं. म्हणून आजही ‘तुमची भाषा कोणती’ विचारलं की कित्येक जण ‘दियालेक्तो’ सांगतात आणि गप्प बसतात. त्यात संकोच असतो. समोरच्याला आपलं बोलणं भाषा वाटणार नाही याची सवय झालेली असते. 

आपल्याकडच्या जनगणनेची आठवण मला अशा वेळी हटकून येते. 2011 च्या जनगणनेत मातृभाषा म्हणून लोकांनी जी वेगवेगळी नावं सांगितली, त्यांची संख्या 19,569 भरली. यात भाषांची नावं तर होतीच, पण त्याच भाषेची निरनिराळ्या तऱ्हेनं उच्चारलेली नावं होती, जातीजमातीची, गावाची, मुलखाची नावं होती. छाननी करून त्यातून 1,369 मातृभाषा निश्चित झाल्या, 1,474 नावं कुठेच बसली नाहीत म्हणून बाजूला निघाली, आणि शेवटी सगळं 121 भाषांच्या खाली मांडलं गेलं. प्रगणकाचं काम केलेल्या एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं होतं की ‘मातृभाषा?’ या प्रश्नावर ‘आमची घरची’ हे उत्तर किती सहज येतं. मग त्या विचारायच्या, कोणाशी बोलता ही भाषा, तुमचे सोयरे कुठे आहेत, ते असंच बोलतात का. मी आज जे प्रश्न विचारते ते बरेचसे त्यांच्याकडून शिकलेले आहेत. फक्त जनगणनेला मोजायचं असतं, म्हणून ती जवळजवळच्या गोष्टी एकत्र करत जाते. भोजपुरी, छत्तीसगढी हिंदीखाली जातात. मला उत्तर द्यायचं असतं. मोजण्यासाठी केलेली मोट उत्तर देताना सोडावी लागते, कारण माणूस मोटेची भाषा ऐकत नाही, आपल्या आईची ऐकतो.

तर मी परिचारिकेला उलट विचारलं. भाषेबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की बाईंचा जन्म कोणत्या मुनिसिपियोतला आणि त्यातल्या कोणत्या आल्देयातला. मुनिसिपियो म्हणजे आपल्या तालुक्याच्या जवळपास जाणारी चीज, आणि आल्देया म्हणजे त्यातलं खेडं. ग्वातेमालाच्या पश्चिमेच्या डोंगरात भाषा ओळखण्याचा हा सगळ्यात भरवशाचा रस्ता आहे, आणि त्याला कारण आहे. तिथे माणसाची ओळख मुनिसिपियोशी घट्ट बांधलेली असते. लग्नं, बाजार, जत्रा, पेहरावसुद्धा त्याच वर्तुळात फिरतो. तोदोस सांतोस कुचुमातानच्या पुरुषांची तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची विजार पाहिली की तो माणूस मामभाषक असणार हे जाणकार लांबून सांगतात. भाषाही त्याच सीमांच्या आधारानं टिकली. सांता युलालिया आणि सोलोमा इथे कानहोबाल, सान मातेओ इश्तातान आणि सान सेबास्तियान कोआतान इथे चूह, हाकाल्तेनांगोला पोप्ती, सान मिगेल अकातान आणि सान राफाएल ला इंदेपेंदेन्सिया इथे अकातेको. काही भाषांची नावंही गावावरूनच पडली आहेत. अकातेको हे अकातानवरून, आणि पोप्तीला बाहेरचे लोक कित्येक वर्षं हाकाल्तेको म्हणत आले. तेव्हा ज्या बाईला भाषेचं नाव सांगता येत नाही तिला गावाचं नाव सांगता येतं, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

उत्तर आलं, ‘बारियास’. मुलानं सांगितलं होतं.

बारियास ऐकलं की माझ्या मनात शंकेची घंटा वाजते. सांता क्रूस बारियास हा त्या जिल्ह्याचा उत्तरेकडचा, उताराचा, उष्ण भाग. वरच्या थंड डोंगरातली माणसं जमीन मिळेल म्हणून तिथे उतरत गेली. कानहोबाल बोलणारे सगळ्यात जास्त, पण चूह आहेत, माम आहेत, अकातेको आहेत, स्पॅनिश बोलणारे आहेत. बारियास हे उत्तर खोटं नव्हतं. मुलगा तिथे वाढला होता, त्याच्या दृष्टीनं घर तेच. पण आईची भाषा घर बदलल्यानं बदलत नाही. म्हणून मुलाला पुन्हा विचारायला सांगितलं, तुम्ही कुठले असं विचारू नका, आई लहानपणी कुठे होती, आजी कुठली होती, ते विचारा. हा फरक बारीक वाटतो, पण स्थलांतर झालेल्या माणसांच्या बाबतीत निम्मी गफलत इथेच होते. ‘कुठून आलात’ या प्रश्नाला माणूस शेवटचा मुक्काम सांगतो. भाषा पहिल्या मुक्कामाची असते.

दुसऱ्या दिवशी कळलं. आई सान मिगेल अकातानच्या एका आल्देयातली. लग्नानंतर नवऱ्याबरोबर बारियासला आली. आणि त्याच निरोपात परिचारिकेनं आनंदानं लिहिलं होतं, ‘भाषेचं नावही मिळालं! मुलगा म्हणतो Kanjobal.’

आता गाव एक सांगत होतं आणि नाव दुसरं. सान मिगेल अकातानची म्हणजे अकातेको असायला हवी, आणि मुलगा कानहोबाल म्हणतो. अशा वेळी कोणावर विश्वास ठेवायचा? माझं मत ठाम आहे, गावावर. नावं फिरतात, गाव डोंगरात जिथल्या तिथे असतं. इथे तर नाव का फिरलं हेही माहीत आहे. अकातेको ही वेगळी भाषा म्हणून अभ्यासकांनी 1970 च्या दशकात धरायला सुरुवात केली. त्याआधी ती कानहोबालचाच एक प्रकार मानली जात होती, पश्चिमेकडची कानहोबाल. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ग्वातेमालातल्या यादवीत सैन्यानं डोंगरातली गावं उद्ध्वस्त केली, तेव्हा सान मिगेलची पुष्कळ माणसं पळून अमेरिकेत, फ्लोरिडातल्या इंडियनटाउनला गेली. तिथे त्यांची ओळख ‘कानहोबाल’ म्हणूनच झाली आणि त्यांनीही ती मान्य केली. एका पिढीनं सांगितलेलं नाव पुढची पिढी सांगते. त्यात कोणी चूक करत नाही. फक्त त्या नावाखाली आज दोन वेगवेगळ्या भाषांची माणसं उभी आहेत.

हा गोंधळ भाषांच्या संकेतांतही गोठून राहिला आहे. जगातल्या भाषांना तीन अक्षरी संकेत देणारी जी प्रमाण यादी आहे, ISO 639-3, तिच्यात कानहोबालचा संकेत `kjb` आहे आणि अकातेकोचा `knj`. घाईत असलेला माणूस यादीत Kanjobal शोधत येतो, `knj` दिसतो, अक्षरं तर जुळतात, आणि तो निवडून मोकळा होतो. कानहोबाल हवी असताना हाती अकातेको पडते. उलटंही होतं. पूर्वीचं स्पेलिंग Kanjobal, 1987 मध्ये माया भाषांची अधिकृत वर्णमाला ठरल्यानंतरचं Q'anjob'al. जुन्या फायली एका नावानं, नव्या दुसऱ्या. ऐकून लिहिणारे Conjobal, Kanhobal असं काहीही लिहितात. नुसत्या नावावरून शोधणाऱ्याला यातून वाट काढणं कठीण. पण ‘सान मिगेल अकातान’ असं लिहिलं असेल तर ते कोणत्याही स्पेलिंगमध्ये ओळखू येतं, नकाशावर सापडतं आणि त्याचा दुसरा अर्थ होत नाही.

मग अकातेको म्हणून मोकळं व्हायचं का? मोह होतो. पण बाई कित्येक वर्षं बारियासला राहिल्या होत्या, शेजारणी कानहोबाल बोलणाऱ्या. इतक्या सहवासात माणूस शेजाऱ्याची भाषा समजू लागतो, कधी तीच जास्त बोलू लागतो. वर्णनात ही गोष्ट यायला हवी असते आणि ती क्वचितच येते, माणूस कोणाचं बोलणं समजतो आणि कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो. म्हणून मी परिचारिकेला एक शेवटचं काम सांगितलं. बाईंना एखादी गोष्ट सांगू द्या, कशाबद्दलही, नवऱ्याबद्दल, शेताबद्दल, आणि मिनिटभर रेकॉर्ड करून पाठवा. त्यांना कळू द्या की हे कशासाठी आहे. प्रश्नाचं उत्तर मागू नका, कारण उत्तर देताना माणूस समोरच्याला सोयीची भाषा शोधतो. गोष्ट सांगताना आपली येते.

ते रेकॉर्डिंग मी स्वतः ऐकून काही कळण्यासारखं नव्हतं. तरी ऐकलं. हलका, थोडा दमलेला आवाज, मधे मुलाचं एखादं स्पॅनिश वाक्य, आणि शब्दांच्या शेवटाला घशातून येणारा एक झटका, जो या सगळ्या भाषांत असतो आणि आपल्या कानाला तुटक वाटतो. आमच्या ओळखीच्या, सांता युलालियाच्या एका दुभाष्याला ते पाठवलं. तो कानहोबालचा माणूस. त्याचं उत्तर तासाभरात आलं आणि ते वाचून मला मनापासून आनंद झाला. त्यानं लिहिलं होतं, ‘मला बहुतेक सगळं समजतंय. पण या माझ्या भाषेत बोलत नाहीत. त्या naj म्हणतात.’

हे जरा उलगडून सांगते, कारण ओळख पटते ती अशाच ठिकाणी. या भाषांत नामाच्या आधी एक छोटा शब्द येतो, तो सांगतो की पुढचं नाम पुरुष आहे, बाई आहे, प्राणी आहे की लाकडाचं काही आहे. एकदा ओळख झाली की नंतर नुसता तो छोटा शब्दच ‘तो’, ‘ती’ म्हणून वापरला जातो. त्यामुळे तो बोलण्यात सतत येत राहतो. पुरुषासाठी कानहोबालमध्ये naq येतो, शेवटी घशाच्या अगदी आतून येणारा क. ‘तो पुरुष’ म्हणजे naq winaq. अकातेकोमध्ये तिथे घासून येणारा ह लागतो, naj winaj. नवऱ्याची गोष्ट सांगणारी बाई हा शब्द मिनिटात वीस वेळा उच्चारणार, आणि तो लपवता येत नाही. शेजारणींकडून उचललेले शब्द बदलतात, बाजारातले बदलतात, पण असे बारके, बिनमहत्त्वाचे वाटणारे शब्द सगळ्यात चिवट असतात. 

मात्र एवढ्यावरही दुभाष्यानं अकातेको असा शिक्का मारला नाही, आणि ते बरोबर होतं. हाकाल्तेनांगोच्या पोप्तीतही naj च म्हणतात. म्हणजे त्या एका आवाजानं कानहोबाल बाद झाली, पण दोन भाषा अजून शिल्लक राहिल्या. त्यांतली एक गावानं बाद केली. नुसत्या कानानं नक्की झालं नसतं आणि नुसत्या नकाशानंही नाही. 

दुभाष्याच्या ‘मला बहुतेक सगळं समजतंय’ या वाक्यावर आमच्या गटात थोडा वाद झाला. एकानं म्हटलं, मग त्यालाच सूचना सांगू द्या, अकातेकोचा माणूस शोधत कशाला बसायचं. प्रश्न रास्त होता. अकातेको बोलणारे दुभाषी फार थोडे आहेत, ते शोधण्यात दिवस जातात आणि तोवर गोळ्या चालूच असतात. त्यामुळे आम्ही दोन्ही करून पाहिलं. तीच तीन वाक्यं कानहोबालमध्ये ऐकवली, आणि दोन दिवसांनी दुभाषी मिळाल्यावर अकातेकोमध्ये. ऐकवल्यावर ‘समजलं का’ असं विचारायचं नाही, असं परिचारिकेला बजावून सांगितलं होतं. त्या प्रश्नाला जगात सगळीकडे ‘हो’ हेच उत्तर येतं, विशेषतः डॉक्टर-परिचारिकांसमोर. ‘आता मुलाला सांगा, उद्या सकाळी उठल्यावर तुम्ही काय काय करणार’ असं म्हणायचं. कानहोबाल ऐकल्यावर बाईंनी सांगितलं की दोन गोळ्या आहेत, रोज घ्यायच्या, पांढरी आणि दुसरी. सगळं नीट, फक्त जेवणाआधीची आणि नंतरची उलटी झाली. अकातेको ऐकल्यावर त्यांनी क्रम बरोबर सांगितला, आणि वर विचारलं की उपास असेल त्या दिवशी काय करायचं. हा प्रश्न पहिल्या वेळी आला नव्हता. मला वाटतं, भाषा योग्य निवडली गेली याची यापेक्षा चांगली खूण मिळणार नाही. समजलेला माणूस मान डोलावतो तसाच न समजलेलाही डोलावतो, पण पुढचा प्रश्न समजलेलाच विचारतो.

एक गोष्ट अजून उरली होती, उत्तर कोणत्या रूपात द्यायचं. निरोपात ‘लेखी सूचना’ मागितली होती. भाषा ठरली म्हणजे लिपी ठरते असं नाही, आणि लिपी ठरली म्हणजे वाचता येतं असंही नाही. अकातेकोला 1987 ची वर्णमाला आहे, त्यात लिहिता येतं. पण बाई शाळेत गेल्या नव्हत्या, आणि मुलगा शाळेत गेला तो स्पॅनिशमध्ये. अकातेकोत छापलेला कागद त्या घरात कोणालाच वाचता आला नसता. मुलाला तर आपल्याच आईच्या भाषेतला तो कागद बघून अवघडल्यासारखं झालं असतं. म्हणून उत्तर दोन भाषांत गेलं. आईसाठी अकातेकोतला आवाज, गोळ्यांच्या रंगांसह, मुलाच्या फोनवर. मुलासाठी तेच स्पॅनिशमध्ये लिहून, म्हणजे डबीवर चिकटवता येईल. पाठवणाऱ्यानं भाषा एक विचारली होती, घरात माणसं दोन होती. वर्णनात ‘कोण ऐकणार आणि कोण वाचणार’ हेही असावं असं मला तेव्हापासून वाटतं. एखाद्या भोजपुरी आजीच्या बाबतीतही हेच होतं, ऐकवायचं भोजपुरीत आणि नातवासाठी लिहायचं हिंदीत.

या सगळ्यानंतर आमच्या अर्जात भाषेच्या नावाचा रकाना आम्ही खाली ढकलला. वर आता जन्मगाव येतं, त्याचा तालुका-जिल्हा, आई कोणत्या गावची, घरात कोण कोणाशी काय बोलतं, कोणत्या शेजाऱ्यांचं बोलणं समजतं, वाचता येतं का आणि कशातलं. नाव माहीत असेल तर लिहा, नसेल तर रिकामं सोडा. त्या बाईंचं वर्णन आज लिहायचं झालं तर मी असं लिहीन: ‘वेवेतेनांगोतल्या सान मिगेल अकातानच्या आल्देयात जन्म, आई तिथलीच. लग्नानंतर बारियासला. घरी मुलाशी जन्मगावची भाषा. सांता युलालियाच्या शेजारणींचं बोलणं समजतं, पण ती भाषा बोलत नाहीत. स्पॅनिश मोजकं. वाचता येत नाही. मुलगा भाषेला Kanjobal म्हणतो.’ यात ‘अकातेको’ हा शब्द कुठेच नाही, आणि तरी हे वाचून जाणकार माणूस दुसरीकडे जाणार नाही. शेवटचं वाक्यही मी गाळणार नाही. घरच्यांनी सांगितलेलं नाव दुसऱ्याच भाषेकडे नेत असलं तरी तो पुरावाच असतो. ते कोणी सांगितलं, एवढं सोबत लिहिलं की झालं.

आपल्याला याचं नवल वाटू नये. ‘कोंकणी’ हे नाव गोव्याच्या भाषेलाही आहे आणि नाशिक-डांगकडच्या कोकणा आदिवासींच्या बोलीलाही. दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी अगदी बरोबर बोलतात. विनंतीत नुसतं ‘कोंकणी’ आलं तर मी डांग की गोवा हे विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

गावावर एवढा विश्वास ठेवूनही गाव प्रत्येक वेळी पुरतं असं नाही, हे मला मान्य करायला हवं. त्याच वेवेतेनांगोत आग्वाकातान नावाचं गाव आहे. तिथे एकाच गावात दोन भाषा आहेत. पश्चिमेकडच्या वस्तीची आवाकातेको, पूर्वेकडच्या चाल्चितानच्या वस्तीची चाल्चितेको. बाहेरच्यांना त्या इतक्या सारख्या वाटत आल्या की चाल्चितेकोला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता मिळायला 2003 उजाडलं. तिथल्या माणसांना मात्र आपण कोणत्या बाजूचे हे पक्कं ठाऊक असतं, आणि दुसऱ्या बाजूची भाषा आपल्या माथी मारली तर ते दुखावतात. तिथे मुलखाची खूण संपते आणि माणसांची सुरू होते. चर्च कोणतं, आजोबा कोणत्या वस्तीतले, हे विचारावं लागतं. गेल्या आठवड्यात आलेल्या एका विनंतीत ‘आग्वाकातानची, साठीच्या आसपासची, वाचता येत नाही, मुलगी स्पॅनिश वाचते’ असं सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं. नावाचा रकाना प्रामाणिकपणे रिकामा. ती मी अजून कोणाकडे पाठवलेली नाही. वस्ती पूर्वेची की पश्चिमेची, एवढं विचारलं आहे.